अध्यक्षांचं मनोगत कॅमेऱ्यासमोर: अहवालातला मजकूर बोलता कसा करायचा

वार्षिक सभेच्या आधी पतसंस्थेच्या अध्यक्षांचं मनोगत व्हिडिओवर घ्यायचं आणि सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं, ही पद्धत आता तालुक्याच्या गावांतही दिसते. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही कामं एकदम अंगावर येतात. मजकूर बहुतेक वेळा अहवालाच्या पहिल्या पानावरून जसाच्या तसा उचललेला असतो. तो टेलिप्रॉम्प्टरवर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर मजकूर सरकवत दाखवणाऱ्या काचेवर, चढवला की एरवी चावडीवर तासभर रंगून बोलणारा माणूस परिपत्रक वाचल्यासारखा वाचायला लागतो.

दोष वाचणाऱ्याचा नसतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि प्रॉम्प्टरच्या काचेवर एका वेळी चार-पाच ओळीच दिसतात. चाळीस शब्दांचं वाक्य असलं तर वाक्य सुरू करताना त्याचा शेवट काचेवर आलेलाच नसतो. ठेवी वाढल्या की घटल्या, हेच माहीत नसताना जोर कुठल्या शब्दावर द्यायचा? मग माणूस सगळे शब्द एकाच सुरात वाचतो. पुढचं सगळं काम या एका अडचणीभोवती फिरतं: वाचणाऱ्याला वाक्याचा शेवट दिसत असताना वाक्य सुरू करता आलं पाहिजे.

एक नमुना घेऊन चालू. संस्था आणि आकडे काल्पनिक आहेत, भाषा मात्र ओळखीची वाटेल.

"सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो, अहवाल वर्ष २०२४-२५ मध्ये आपल्या संस्थेने सभासदांच्या विश्वासाच्या बळावर व संचालक मंडळाच्या काटकसरीच्या धोरणामुळे उल्लेखनीय प्रगती केली असून दि. ३१ मार्च २०२५ अखेर संस्थेच्या एकूण ठेवी रु. ४८,७६,३२,५१४/- इतक्या झालेल्या आहेत. मागील वर्षाच्या तुलनेत ठेवींमध्ये १२.४६% वाढ झालेली असून सदर कालावधीत रु. ३५,१८,४०,९००/- इतके कर्जवाटप करण्यात आले आहे. तसेच थकबाकी वसुलीकरिता संचालक मंडळाने राबविलेल्या विशेष मोहिमेमुळे थकबाकीचे प्रमाण ६.८२% वरून ४.९१% पर्यंत कमी करण्यात यश प्राप्त झाले असून, सभासदांना ९% दराने लाभांश देण्याची शिफारस संचालक मंडळ करीत आहे."

पहिलं काम: कागद बाजूला ठेवून ऐका

लगेच पेन उचलू नका. अध्यक्षांना गाठा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि म्हणा, "साहेब, अहवाल राहू द्या. यंदा संस्थेत काय झालं, एवढंच मला सांगा." दहा मिनिटांत ते जे बोलतील त्यात तुमची अर्धी संहिता असते. "अहो, यंदा वसुली चांगली झाली. शंभरातले सात रुपये अडकायचे, ते पाचाच्या आत आणले." हे वाक्य तुम्हाला टेबलावर बसून सुचलं नसतं, आणि ते त्यांचंच असल्यामुळे कॅमेऱ्यासमोर अडखळणारही नाही.

हे रेकॉर्डिंग दुसऱ्या गोष्टीसाठीही कामाचं आहे. माणूस "केलं" म्हणतो की "केले", "संस्थेने" म्हणतो की "संस्थेनं", "त्यामुळे" की "त्यामुळं", हे त्यातून कळतं. संहिता त्यांच्या तोंडच्या मराठीत हवी, तुमच्या नाही. साताऱ्याकडच्या माणसाच्या तोंडी पुणेरी वळणं घातली तर ती पाठ केल्यासारखीच ऐकू येतात.

भेटीतच व्हिडिओ किती मिनिटांचा हवा ते ठरवून घ्या. कॅमेऱ्याकडे बघत सावकाश वाचताना मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस मराठी शब्द होतात. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, त्यामुळे इंग्रजीचा हिशेब इथे लावू नका. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो म्हणून त्यांच्याकडून एक मिनिट काहीही वाचून घ्या आणि शब्द मोजा. चार मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे साडेचारशे शब्दांच्या आसपास. अहवालातलं मनोगत बाराशे शब्दांचं असेल, तर काय गाळायचं हा प्रश्न भाषेच्या आधी सोडवा. सत्काराची, दु:खवट्याची आणि आभाराची यादी अहवालात छापलेली असतेच. व्हिडिओत ती नसली तर चालेल का, हे त्यांनाच विचारा. स्वतःहून गाळू नका, गावात नावांवरून रुसवे होतात.

वाक्यं तोडायची कुठे

वरच्या नमुन्यात "असून" तीनदा आलं आहे. कार्यालयीन मराठीत दोन वाक्यं एकमेकांना बांधायची ही ठरलेली गाठ. प्रत्येक "असून" म्हणजे एक पूर्णविराम, असं समजूनच पहिला हात फिरवा. "व", "तसेच", "त्याचप्रमाणे" यांचंही तेच. "व" तर तोंडात विरून जातो, ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. जोडायचंच असेल तर "आणि" लिहा.

नंतर नामाआधी लागलेल्या लांब शेपट्या शोधा. "थकबाकी वसुलीकरिता संचालक मंडळाने राबविलेल्या विशेष मोहिमेमुळे" एवढं सगळं एका "मुळे"च्या आधी आहे. ऐकणाऱ्याला मोहीम हा शब्द मिळेपर्यंत चार गोष्टी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. शेपटी काढून तिचं स्वतंत्र वाक्य करा: "थकबाकी वसूल करायला आम्ही खास मोहीम घेतली." मग "त्यामुळे" म्हणून पुढचं वाक्य. आधी घटना, मग परिणाम, असं सांगितलं की बोलल्यासारखं वाटतं.

तिसरी जागा म्हणजे "करण्यात आले". कर्जवाटप करण्यात आले, यश प्राप्त झाले, निर्णय घेण्यात आला. कोणी केलं ते कुठेच नाही. कॅमेऱ्यासमोर एक माणूस बसलेला असताना कर्ता गायब असला की तो काहीतरी लपवतोय असं वाटतं. "आम्ही कर्ज वाटलं" म्हणा. कर्ता खरोखर माहीत नसेल तर आधी विचारा.

एक वाक्य दहा-बारा शब्दांत संपावं, म्हणजे ते पूर्णपणे काचेवर मावतं. सगळी वाक्यं तेवढीच आखूड केली तर मात्र तार वाचल्यासारखं होईल, म्हणून तीन-चार शब्दांचं एखादं वाक्य मध्ये येऊ द्या आणि क्वचित पंधराचंही. बोलताना आपण क्रियापद कधी कधी आधी आणतो, "वाढल्या पाच कोटींनी" असं. आकडा शेवटी आला की तो लक्षात राहतो, म्हणून ही युक्ती चांगली आहे. पण चार मिनिटांत दोनदा पुरे. त्याहून जास्त झालं की निवडणुकीच्या रिक्षातला कर्णा आठवतो.

तुम्ही, आपण आणि आम्ही

लेखी भाषणात "आपण" दोन अर्थांनी येतो: आदराने समोरच्याला, आणि सगळ्यांना मिळून. कागदावर संदर्भाने भागतं. व्हिडिओत "आपण घेतलेलं कर्ज वेळेत फेडलं पाहिजे" म्हटलं की सभासद विचारात पडतो, कर्ज संस्थेनं घेतलंय की मी? म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाका. पाहणाऱ्याला "तुम्ही", संचालक मंडळाला "आम्ही", आणि संस्था व सभासद मिळून असेल तिथेच "आपण". वयस्कर अध्यक्षांना "तुम्ही" उद्धट वाटू शकतं. तसं वाटलं तर समोरच्याला "आपण" ठेवा, पण मग सगळ्यांना मिळून म्हणायचं असेल तिथे "आपण सगळे" असं स्पष्ट लिहा.

"सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो" हे भरलेल्या सभागृहासाठी आहे. व्हिडिओ बघणारा माणूस एकटा असतो, हातात फोन घेऊन. "नमस्कार" एवढं पुरतं.

केले की केलं: इथे यंत्रानं बदल करू नका

नव्या लेखकाची हमखास चूक म्हणजे सगळ्या "ले"चं एका झटक्यात "लं" करणं. हा बदल फक्त नपुंसकलिंगी एकवचनाला आणि काही नपुंसकलिंगी नामांना लागतो. "कर्ज वाटले" याचं "कर्ज वाटलं" होतं, "प्रमाण कमी झाले" याचं "कमी झालं", "सभासदांचे हित" याचं "सभासदांचं हित". पण "व्यवहार वाढले" तसंच राहतं आणि "सभासदांचे पैसे" हेही, कारण ते पुल्लिंगी अनेकवचन आहे. सरसकट बदल केला तर "पैसे परत आलं" असं काहीतरी काचेवर येतं आणि वाचणारा चित्रीकरणाच्या मधोमध थांबतो.

शंका आली तर नामाआधी "सगळं" आणि "सगळे" लावून बघा. "सगळं कर्ज" बरोबर वाटतं, म्हणून "वाटलं". "सगळे पैसे" बरोबर वाटतं, म्हणून "आले". "पुढे", "मागे", "म्हणजे" यांना हात लावायचा नाही. "येथे"चं "इथे" आणि "तेथे"चं "तिथे" करा. "सदर", "उपरोक्त", "करिता", "तथापि" हे शब्द कोणी तोंडाने वापरत नाही. "हा", "वर सांगितलेला", "साठी", "पण" लिहा, किंवा बहुतेकदा नुसते काढून टाकले तरी काही बिघडत नाही.

आकडे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रॉम्प्टरवर अंक ठेवू नका, तोंडाने म्हणतात तसे अक्षरात लिहा. ६९, ७९, ८९ हे अंक दिसले की भलेभले अडखळतात. "एकोणऐंशी" लिहिलेलं असलं तर वाचलं जातं. "रु.", "दि.", "मा.", "क्र." सगळं उलगडून लिहा, कारण धांदलीत माणूस "दि" असंच वाचून मोकळा होतो.

मग आकडा सोपा करायचा. मराठीत यासाठी सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन असे सुंदर शब्द आहेत, ते वापरा. पण जीभ वळेल तिथपर्यंतच. ४८ कोटी ७६ लाखांना "पावणेएकोणपन्नास कोटी" हे हिशेबाने जवळचं आहे, पण म्हणून बघा! "जवळपास एकोणपन्नास कोटी" बरं.

आकडा गोल करताना दिशा सांभाळा. १२.४६ टक्क्यांनी मागे जाऊन हिशेब केला तर आधीच्या वर्षीच्या ठेवी ४३ कोटी ३६ लाखांच्या आसपास निघतात. तुम्ही लिहिलं "त्रेचाळीस कोटींवरून जवळपास एकोणपन्नास कोटींवर", तर ऐकणारा मनातल्या मनात वजाबाकी करून सहा कोटी म्हणतो. खरी वाढ आहे ५ कोटी ४० लाखांची. एक आकडा खाली आणि दुसरा वर ओढल्यामुळे तुम्ही नकळत साठ लाख वाढवले. म्हणून दोन टोकं देण्यापेक्षा शेवटचा आकडा आणि वाढ, एवढंच सांगा. थकबाकीत ६.८२ ला "जवळपास सात" आणि ४.९१ ला "पाचाच्या आत" म्हटलं तर दोन्ही वरच्याच बाजूला गेले आहेत, फरक फारसा बिघडत नाही.

सोपं करताना वचन मोठं होऊ देऊ नका

भाषा सोपी करणारा माणूस सगळ्यात महागात पडतो तो इथे. "लाभांश देण्याची शिफारस करीत आहे" याचं "आम्ही नऊ टक्के लाभांश देणार आहोत" असं केलं तर वाक्य छान होतं, पण खोटं होतं. लाभांशाला मंजुरी वार्षिक सभा देते. मंडळ फक्त सुचवतं. सभेत कोणीतरी उठून तो व्हिडिओ दाखवणारच.

ठेवींबद्दलही तसंच. "ठेवींची सुरक्षितता जपण्यास संस्था कटिबद्ध आहे" हे वाक्य जड आहे, मान्य. पण "तुमच्या ठेवी पूर्ण सुरक्षित आहेत" हा वेगळा दावा झाला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असतं ते पतसंस्थेतल्या ठेवीला लागू नाही, त्यामुळे असं वाक्य तर अजिबात घालू नका. "निव्वळ एनपीए" मधला "निव्वळ" हाही शोभेचा शब्द नव्हे. थकीत कर्जांतून त्यांच्यासाठीची तरतूद वजा केल्यानंतरचा आकडा असतो तो, आणि "निव्वळ" गाळला की आकड्याचा अर्थच बदलतो. नमुन्यातलं "कर्जवाटप" म्हणजे वर्षात दिलेलं कर्ज की वर्षअखेरीला येणं असलेलं, हेही व्यवस्थापकांना विचारून घ्या. अहवालात दोन्ही आकडे असतात आणि भाषण लिहिणाऱ्यानं कधी कधी चुकीचा उचललेला असतो.

कायद्याची, ठरावाची किंवा योजनेची नावं मात्र आहेत तशीच ठेवा. वाचायला जड असली तर त्यांच्यासाठी एक स्वतंत्र वाक्य करा, म्हणजे वाचणारा आधी श्वास घेऊ शकतो.

एवढं झाल्यावर नमुन्याचं असं काहीतरी होतं:

"नमस्कार. गेल्या आर्थिक वर्षाचा हिशेब तुम्हाला थोडक्यात सांगतो. आधी ठेवी. एकतीस मार्चला आपल्या संस्थेत जवळपास एकोणपन्नास कोटींच्या ठेवी होत्या. वर्षभरात त्या वाढल्या पाच कोटी चाळीस लाखांनी. तुम्ही विश्वास ठेवलात, आम्ही खर्चाला हात आखडता घेतला, त्यातून हे झालं. याच वर्षात आम्ही पस्तीस कोटींहून जास्त कर्ज वाटलं. आता थकबाकी. आधीच्या वर्षी शंभर रुपये कर्जामागे जवळपास सात रुपये थकले होते. वसुलीसाठी आम्ही खास मोहीम घेतली. आता ते पाचाच्या आत आले आहेत. राहिला लाभांश. नऊ टक्के द्यावा, अशी संचालक मंडळाची शिफारस आहे. मंजुरी तुम्ही द्यायची, वार्षिक सभेत."

"उल्लेखनीय प्रगती" गेली. आकडे ऐकल्यावर प्रगती आहे की नाही ते सभासद ठरवतो. "आधी ठेवी", "आता थकबाकी", "राहिला लाभांश" ही तीन छोटी वाक्यं मूळ भाषणात नव्हती. कागदावर परिच्छेद बदललेला दिसतो, कानाला दिसत नाही, म्हणून त्या जागी काहीतरी बोलावं लागतं. "बरं का मंडळी" किंवा "मित्रांनो" यांनी ती जागा भरू नका. अध्यक्ष रेकॉर्डिंगमध्ये तसं बोलले असतील तरच.

काचेवर मांडणी

संस्थेच्या कार्यालयातून आलेली फाइल अनेकदा श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये असते. ती प्रॉम्प्टरच्या अ‍ॅपमध्ये चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. हे चित्रीकरणाच्या दिवशी कळण्यात अर्थ नाही. मजकूर आधीच युनिकोडमध्ये आणा आणि आणल्यावर पुन्हा वाचा, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं बिघडतात.

एका ओळीत तीन-चारहून जास्त शब्द ठेवू नका. ओळ लांब असली की बुबुळं डावी-उजवीकडे फिरताना कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात. ओळ तोडायची ती अर्थाच्या सांध्यावर:

एकतीस मार्चला
आपल्या संस्थेत
जवळपास एकोणपन्नास कोटींच्या
ठेवी होत्या.

"एकोणपन्नास" एका ओळीत आणि "कोटींच्या" दुसऱ्या ओळीत, असं कधीही होऊ देऊ नका. वाचणारा आकड्यावर थांबतो आणि ऐकणाऱ्याला एकोणपन्नासच ठेवी वाटतात. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली असतात, म्हणून दोन ओळींत अंतर सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. विषय बदलतो तिथे एक पूर्ण ओळ रिकामी सोडा. ती दिसली की माणूस आपोआप थांबतो आणि श्वास घेतो. कंसात "थांबा" लिहू नका, कोणीतरी ते वाचतं.

मोठ्यानं वाचून तपासणं

आधी तुम्ही वाचा, मग त्यांच्याकडून वाचून घ्या. तुमच्या हातात कागद आणि पेन्सिल असू द्या. मध्ये थांबवू नका, फक्त खुणा करा. वाक्याच्या शेवटी आवाज बसतो तिथे श्वास पुरलेला नाही, म्हणजे वाक्य लांब आहे. शब्दावर अडखळले तर शब्द बदला. चुकीच्या शब्दावर जोर आला तर क्रियापद उशिरा दिसतंय, ओळी पुन्हा तोडा. आणि त्यांनी तुमचा शब्द सोडून नकळत दुसराच म्हटला, तर बहुतेक वेळा त्यांचाच बरोबर असतो. संहितेत तो घालून टाका. एकाच जागी दोनदा अडलं की तिसऱ्यांदा वाचायला लावू नका, ते वाक्य मोडून नव्यानं लिहा.

अंतिम संहिता चित्रीकरणाच्या आधी व्यवस्थापकांना मूळ भाषणाशेजारी ठेवून दाखवा आणि आकड्यांपुढे त्यांची सही घ्या. चित्रीकरणात जे शब्द बदलले जातील ते त्याच दिवशी फाइलमध्ये टिपून ठेवा, कारण खालच्या अक्षरपट्ट्या याच फाइलवरून बनतात. पट्टीत मात्र आकडे पुन्हा अंकात करायचे: तोंडाने "जवळपास एकोणपन्नास कोटी", खाली "₹ ४८.७६ कोटी".